धागा: बोअरच्या पाण्यातून बारीक वाळू, नळ आणि पंप दोन्ही खराब होत आहेत (नाशिक, पाथर्डी फाटा)

पाथर्डीकर_12 | 4 मार्च, रात्री 9:50

नमस्कार मंडळी. आमची 12 फ्लॅटची इमारत आहे. बोअर 2011 सालचा, 310 फूट, केसिंग 40 फूट. बारा-तेरा वर्षं पाण्यात गाळाचा कण नव्हता. गेल्या मे महिन्यात पाणी कमी पडायला लागलं आणि नेमका तेव्हाच जुना दोन एचपीचा पंप जळाला. फिटरने तीन एचपीचा नवा पंप आणला आणि 200 फुटांवरून थेट 290 फुटांवर सोडला. पाणी भरपूर आलं, सगळे खूश झाले.

दिवाळीनंतर तक्रारी सुरू झाल्या. स्वयंपाकघरातला नळ फिरवताना करकर आवाज येतो. फ्लशच्या टाकीचा व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही, रात्रभर पाणी झिरपतं. वॉशिंग मशीनच्या मागची पाईप काढली तर आतल्या जाळीवर तपकिरी रवा साचलेला. डिसेंबरपासून जमिनीखालची टाकी धुतली नव्हती, गेल्या रविवारी धुतली तर तळातून पाच घमेली गाळ निघाला. आता पंपाचंही पाणी कमी झालंय. फिटर म्हणतो इंपेलर झिजले, पंप काढावा लागेल. नवीन पंपाला दहा महिनेसुद्धा झालेले नाहीत.

सोसायटीत रोज वाद चालू आहेत. कोणी म्हणतं मोठा फिल्टर बसवा, कोणी म्हणतं बोअर संपला, नवीन मारा. एवढा खर्च करण्याआधी नक्की काय करावं, ते सांगा.

वर्षा_इंदिरानगर | 4 मार्च, रात्री 10:20

आमच्याकडेही हेच होतं. नळांवर पांढरा थर, गीझरची कॉईल दोन वर्षांत गेली. सॉफ्टनर बसवला आणि सगळं थांबलं. मीठ महिन्याला एक गोणी लागतं, बाकी काही त्रास नाही. तुम्हीही सॉफ्टनरच बघा.

पाथर्डीकर_12 | 4 मार्च, रात्री 10:35

वर्षाताई, पांढरा थर आमच्याकडेही थोडा आहे, पण हे वेगळं वाटतंय. बोटात घेतलं तर दाणे लागतात.

मोटरवाला_सिडको | 5 मार्च, सकाळी 8:05

मी पंप उतरवण्या-चढवण्याचं काम करतो. पंप काढाल तेव्हा त्याच्या जाळीवर बारीक नायलॉनची जाळी दोन-तीन पदर गुंडाळा आणि वायरने आवळा. वाळू आत जाणारच नाही. बऱ्याच ठिकाणी केलंय. खर्च काहीच नाही.

दुसरं, तीन एचपी तुमच्या बोअरला जास्त होतोय. वरचा गेट व्हॉल्व्ह थोडा दाबा. पाणी हळू चढलं की वाळू बोअरमध्येच खाली बसते.

बसाल्ट | 5 मार्च, दुपारी 1:15

भूजलाच्या कामात माझी पंचवीस वर्षं गेली, त्यातली बरीचशी नाशिक जिल्ह्यात. म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

वर्षाताई, तुमचा क्षार आणि यांची वाळू या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. क्षार पाण्यात विरघळलेला असतो, नळावर आला की थर धरतो. वाळू विरघळत नाही. सॉफ्टनरमध्ये ही वाळू गेली तर आतल्या रेझिनमध्ये अडकून बसेल आणि तोही बिघडेल. फरक घरीच कळतो. कोरडे दाणे बशीत घ्या आणि वर व्हिनेगर टाका. बुडबुडे आले तर तो सुटलेला क्षार. नाही आले तर खडकाचा चुरा. मग त्याच कोरड्या दाण्यांवरून लोहचुंबक फिरवा. आपल्या काळ्या पाषाणात चुंबकाला चिकटणारं खनिज असतं, त्यामुळे काही काळे दाणे उचलले जातील.

आता मुख्य गोष्ट. नाशिकच्या जमिनीखाली वाळूचे थर क्वचितच लागतात, तेही नदीकाठी. बाकी सगळीकडे वर माती, मग मुरूम आणि खाली काळा पाषाण. हा पाषाण एकसंध नाही. लाव्हाचे थर एकावर एक बसलेत आणि दोन थरांच्या मध्ये बऱ्याचदा तांबडी, गेरूसारखी मऊ माती असते. बोअर मारताना धूळ एकदम लाल येते ती तिथे. त्यामुळे कडक पाषाणातल्या 310 फूट बोअरमधून वाळू येते, म्हणजे ती तीनपैकी एका जागेवरून येते. केसिंगच्या खालच्या तोंडाशी फट राहिलेली असते आणि तिथून मुरूम आत पडतो. किंवा मधला एखादा मऊ थर कोरला जातोय. किंवा तळाशी साचलेला गाळ पंप ढवळतोय. तिन्हींवरचा उपाय वेगळा आहे. म्हणून फिल्टरचा विचार आधी बाजूला ठेवा आणि वाळू कधी येते ते बघा.

20 लिटरची बादली घ्या. टाकीत पडणाऱ्या पाईपचंच पाणी भरा. पंप रात्रभर बंद ठेवून सकाळी सुरू करा. पहिल्या मिनिटाला, मग दहा मिनिटांनी, मग पाऊण तासाने आणि सव्वा तासाने, प्रत्येक वेळी पाच-पाच बादल्या. एका बादलीतला गाळ स्वयंपाकघरातल्या काट्यावर नीट कळत नाही, म्हणून पाच. अर्धा तास स्थिर ठेवा, वरचं पाणी हळूच ओता, तळचा गाळ कागदावर वाळवा आणि वजन करा. बादली किती सेकंदांत भरते तेही लिहून ठेवा. आणि सव्वा तासाच्या सुमारास बोअरच्या तोंडाला कान लावून ऐका.

पाथर्डीकर_12 | 5 मार्च, दुपारी 2:40

बसाल्ट सर, मनापासून आभार. रविवारी करतो. कान लावून काय ऐकायचं?

बसाल्ट | 5 मार्च, दुपारी 3:10

आधीच सांगितलं तर तेच ऐकू येईल. जे ऐकू येईल ते लिहा.

निफाडचा_बागायतदार | 5 मार्च, रात्री 8:30

आमची द्राक्षबाग नदीकाठाला आहे. बोअरमध्ये नदीची वाळू येते, ती शिवारात सगळ्यांनाच माहीत आहे. मी आधी सँड फिल्टर बसवला होता. नाव सँड फिल्टर, म्हणून वाटलं वाळूसाठीच असेल. तो असतो शेवाळ आणि कचऱ्यासाठी. त्याच्या पोटातच वाळू भरलेली असते, त्यात आमची वाळू गेली आणि तासाभरात दाब बसला. मग डीलरने सांगितलं, आधी हायड्रोसायक्लोन, नंतर बाकी सगळं. शंकूसारखा असतो तो. पाणी कडेने आत शिरतं, गोल फिरतं, वाळू कडेला फेकली जाऊन खालच्या डब्यात पडते आणि स्वच्छ पाणी वरून निघतं. आत हलणारा भाग एकही नाही. आठ वर्षं चालू आहे, ड्रीपर बंद पडत नाहीत. तुम्हीही तोच घ्या.

पाथर्डीकर_12 | 9 मार्च, सकाळी 11:45

आज केलं. शेजारचे काका आणि मी सकाळी सहाला बसलो. बादली 12 सेकंदांत भरते, म्हणजे तासाला 6000 लिटर.

पहिलं मिनिट: पाच बादल्यांत 30 ग्रॅम.
दहा मिनिटांनी: 3 ग्रॅम. पाणी अगदी नितळ.
पाऊण तासाने: 15 ग्रॅम.
सव्वा तासाने: 20 ग्रॅम.

पाऊण तासाच्या सुमाराला पाणी दुधासारखं पांढरं आलं. बादलीत ठेवल्यावर खालून वर नितळत गेलं, मिनिटभरात साफ. मात्र त्याखाली पाणी लालसर राहिलं, ते आता पाच तासांनीही लालसरच आहे. व्हिनेगरने बुडबुडे नाहीत. चुंबकाला काळे दाणे चिकटले.

आणि सर, बोअरच्या तोंडाला कान लावला तर आतून पाणी पडल्याचा आवाज येत होता. उंचावरून धार पडावी तसा. दहा मिनिटांच्या वेळी तो नव्हता.

बसाल्ट | 9 मार्च, दुपारी 12:30

उत्तम काम केलंत, काकांनाही सांगा. आता बोअर स्वतःच बोलतोय.

पहिल्या मिनिटाची वाळू बाजूला ठेवा. पंप बंद झाल्यावर पाईपमध्ये आणि तळाशी बसलेला गाळ सुरुवातीला उसळतो, तो सगळीकडे येतो. दहा मिनिटांनी पाणी नितळ आहे, हे महत्त्वाचं. केसिंगच्या फटीतून सतत मुरूम येत असता तर तेव्हाही आला असता. तो नाही.

पाऊण तासाने काय होतं? तुमचा पंप तासाला 6000 लिटर ओढतो, बोअर तेवढं देत नाही, म्हणून आतली पातळी उतरत जाते. ती उतरत उतरत एका झऱ्याच्या खाली गेली. तोवर तो झरा पाण्यात बुडालेला होता, पाणी शांतपणे बोअरमध्ये येत होतं. आता तो उघडा पडला आणि त्याचं पाणी भिंतीवरून धबधब्यासारखं खाली कोसळतंय. तोच तुम्ही ऐकलेला आवाज. कोसळताना हवा मिसळते, म्हणून पाणी दुधाळ. हवा वर निघून जाते, म्हणून ते खालून नितळत जातं. आणि तीच धार तांबड्या मातीचा थर कोरते, म्हणून वाळू आणि ती लाली.

जुना पंप 200 फुटांवर होता आणि कमी ओढत होता. पातळी कधी इतकी खाली गेलीच नाही, म्हणून तेरा वर्षं हा थर शांत राहिला.

आता प्रमाण. बऱ्याच सबमर्सिबल पंपांच्या पत्रकात 1000 लिटरमागे सुमारे 50 ग्रॅम वाळूची मर्यादा दिलेली असते. काहींत ती याहून कमी असते, तुमच्या पंपाचं पत्रक बघा. 20 लिटरच्या बादलीत ही मर्यादा होते एक ग्रॅम. तुमच्याकडे शेवटी बादलीमागे चार ग्रॅम येतात, चौपट. दहा महिन्यांत इंपेलर गेले, त्यात पंपाचा दोष नाही.

मोटरवाला_सिडको | 9 मार्च, दुपारी 1:20

मग मी म्हणालो तेच झालं ना? व्हॉल्व्ह दाबा, वाळू खाली बसेल.

बसाल्ट | 9 मार्च, दुपारी 2:00

व्हॉल्व्ह दाबायचा हे अगदी बरोबर, दादा. कारण मात्र वेगळं आहे आणि ते इथे महत्त्वाचं ठरतं. बोअर साडेसहा इंची. तासाला 6000 लिटर म्हणजे मोकळ्या बोअरमध्ये पाणी सेकंदाला जवळपास आठ सेंटिमीटर सरकतं. अर्धा केला तरी चार. एक दशांश मिलिमीटरचा कण स्थिर पाण्यातसुद्धा सेकंदाला फक्त आठ मिलिमीटर खाली बसतो. त्यामुळे पाणी त्याला ओढून नेणारच. कण बसण्याइतका हळू पंप कोणी चालवू शकत नाही. व्हॉल्व्ह दाबल्याचा फायदा हा की पातळी कमी उतरते, झरा बुडालेलाच राहतो आणि धार कोसळत नाही.

नायलॉनच्या जाळीबद्दल मात्र कृपा करून पुन्हा विचार करा. ही लाल माती जाळीच्या पदरांत लेपासारखी बसते. पंपाला पाणी मिळेनासं होतं, मोटर गरम होते. जळालेल्या पंपावर चिखलाने लिंपलेली अशी जाळी मी स्वतः पाहिली आहे.

मोटरवाला_सिडको | 9 मार्च, दुपारी 2:25

वाळूच्या बोअरला जाळी चालली आहे माझी. लाल मातीचा अनुभव कमी आहे, ते मान्य. तिथे नाही बांधणार.

पाथर्डीकर_12 | 13 मार्च, रात्री 9:15

व्हॉल्व्ह दाबून बघितला. आता बादली 18 सेकंदांत भरते, म्हणजे तासाला 4000 लिटर. सव्वा तासाने पाच बादल्यांत 3 ग्रॅम! पडण्याचा आवाज नाही, पाणी दुधाळ नाही. आम्हाला दिवसाला 9000 लिटर लागतं, त्याला दीड तासाऐवजी सव्वादोन तास लागले, आणि शेवटपर्यंत पाणी नितळच होतं. चार दिवस झाले, वॉशिंग मशीनची जाळी रोज बघतोय, कोरीच आहे.

मग आता फिल्टरची गरजच नाही का? उद्या सभेत हाच प्रश्न येणार आहे.

निफाडचा_बागायतदार | 13 मार्च, रात्री 9:40

हायड्रोसायक्लोन घ्याच. उन्हाळ्यात पाणी आणखी खाली जाईल तेव्हा काय कराल?

बसाल्ट | 14 मार्च, सकाळी 7:30

दादांचा मुद्दा योग्य आहे, पण घेण्याआधी तीन गोष्टी समजून घ्या.

हायड्रोसायक्लोन पंपाच्या नंतर बसतो. त्यामुळे तो नळ वाचवेल, टाकी वाचवेल, पण पंप नाही. वाळू पंपातून जाऊनच त्याच्यापर्यंत येते. पंप वाचतो तो फक्त पातळी सांभाळून.

दुसरं, तो जड दाणे काढतो. साधारण 75 मायक्रॉनच्या वरची वाळू बहुतेक सगळी निघते. तुमची लाली ही माती आहे, ती त्यातून जशीच्या तशी पुढे जाईल.

तिसरं, त्याचं माप. पाणी वेगाने फिरलं तरच वाळू बाजूला पडते. बागायतदार दादांकडे शेताचा मोठा पंप आहे. तुम्ही 4000 लिटरवर चालवणार आणि दुकानदाराने 10,000 लिटरचा दिला, तर पाणी आत आळसावल्यासारखं फिरेल आणि वाळू तशीच बाहेर येईल. प्रत्यक्ष प्रवाह सांगूनच घ्या. आधी आणि नंतर असे दोन दाबाचे काटे बसवा. चालू असताना दोघांत 0.3 ते 0.5 किलोचा फरक दिसला तर काम करतोय. फरकच दिसत नसेल तर तो तुमच्या प्रवाहाला मोठा आहे.

सध्या मी टाकीतच बदल करायला सांगेन. बोअरचं पाणी एका टोकाला पडू द्या, वर चढवणाऱ्या पंपाचा फूट व्हॉल्व्ह दुसऱ्या टोकाला न्या आणि तळापासून फूटभर उचला. मध्ये कमरेएवढी आडवी भिंत घातली तर अजून चांगलं. वाळूचा कण मीटरभर खोल बसायला दोनेक मिनिटं पुरतात, टाकी त्यासाठीच वापरा. मातीच्या अगदी बारीक कणाला तेच अंतर जायला तीन तासांहून जास्त लागतात. म्हणून बोअर रात्री चालवा आणि वरच्या टाक्या पहाटे भरा.

वर्षा_इंदिरानगर | 14 मार्च, सकाळी 10:10

माझा गैरसमज झाला होता, पण धागा वाचून एक आठवलं. माझ्या भावाच्या सोसायटीत, मखमलाबाद रोडला, फक्त पावसाळ्यात गढूळ पाणी येतं. जोराचा पाऊस झाला की दुसऱ्या दिवशी. दसऱ्यानंतर पुन्हा स्वच्छ. तेही असंच आहे का?

बसाल्ट | 14 मार्च, सकाळी 11:00

नाही ताई. पावसाच्या पाठोपाठ येतं म्हणजे वरचं पाणी केसिंगच्या बाजूने किंवा फुटलेल्या केसिंगमधून आत शिरतंय. त्यात गटाराचं पाणीही येऊ शकतं. भावाला सांगा, ते पाणी पिऊ नका आणि आधी बोअरच्या तोंडाभोवतीचं काँक्रीट बघा. तिथे भेग असते किंवा काँक्रीट घातलेलंच नसतं.

पाथर्डीकर_12 | 23 मार्च, रात्री 10:30

सभेने पंप काढायची परवानगी दिली. शुक्रवारी काढला. इंपेलर हातात घेतले, कडा ब्लेडसारख्या धारदार झाल्यात. मधल्या शाफ्टला बुशच्या जागी नखाने कळेल इतकी खाच पडली आहे. पंप बाहेर असताना दोरीला वजन बांधून तळ मोजला. बोअर 310 चा होता, वजन 298 फुटांवर टेकलं. बारा फूट गाळ! आमची मोटर जवळजवळ त्या गाळात उभी होती.

एक दिवस बोअर शांत ठेवून कॅमेरा सोडला. केसिंगचं तोंड ठीक आहे. 145 फुटांवर लाल थर दिसतो, अंदाजे तीन फुटांचा, आणि तिथे एका बाजूला भिंत आत खोलगट गेली आहे. झरा त्याच्या अगदी वर आहे. पाण्याची आत्ताची पातळी 95 फूट.

बसाल्ट | 24 मार्च, सकाळी 8:00

मग चित्र स्पष्ट झालं. 95 पासून 145 पर्यंत पन्नास फूट पाणी तुमचं, त्याखाली गेलात की तो थर कोरला जाणार. आता पंप कमी प्रवाहाचा घ्या, तासाला 3500 ते 4000 लिटरचा. तीन एचपीचा व्हॉल्व्ह दाबून कायम चालवू नका, पाईपवर दाब राहतो आणि पंपाच्या बेअरिंगवर ताण येतो. पंप 200 फुटांच्या आसपास लावा, तळापासून लांब. लावण्याआधी कॉम्प्रेसरने तळचा गाळ काढून घ्या. आणि दिवसातून चार वेळा थोडा थोडा चालवू नका, एकदाच सलग चालवा. प्रत्येक सुरुवातीला वाळू उसळते हे तुम्ही मोजलंच आहे. पहिल्या मिनिटाचं पाणी झाडांना सोडा.

मोटरवाला_सिडको | 24 मार्च, सकाळी 9:15

सर, त्या थरासमोर पाच इंची पीव्हीसी केसिंग आतून सोडलं तर? चार इंची पंप त्यातून जातो. एका ठिकाणी केलंय, वाळू बंद झाली.

बसाल्ट | 24 मार्च, सकाळी 10:20

कल्पना चांगली आहे, पण झरा थराला लागूनच आहे. कोरा पाईप लावला तर वाळूबरोबर पाणीही अडेल. खाचा असलेला पाईप लावला तर बारीक वाळू खाचांतून येईलच, कारण मागे गोटे भरायला जेमतेम अर्धा इंच जागा उरते. तुमच्या त्या बोअरला बंद केलेल्या थराच्या खाली दुसरा झरा होता का?

मोटरवाला_सिडको | 24 मार्च, सकाळी 10:45

होता. 220 ला मोठा झरा होता. वरचा बंद केला तरी चाललं.

पाथर्डीकर_12 | 24 मार्च, रात्री 8:50

आमच्या कॅमेऱ्यात 145 च्या खाली एक बारीक भेग 230 च्या आसपास दिसली, पण तिच्यातून किती पाणी येतं ते कळलं नाही. दीड एचपीचा पंप ठरवलाय, गुरुवारी 200 फुटांवर बसवतोय. टाकीतली भिंत मे आधी होईल. पातळी दर रविवारी मोजून इथे टाकतो. मे महिन्यात बंद पंपाची पातळीच 145 च्या खाली गेली तर पाईपचा निर्णय तेव्हा घ्यावा लागेल, आणि त्याआधी 230 च्या भेगेचं पाणी मोजायचा काही मार्ग असेल तर सांगा.

बसाल्ट | 24 मार्च, रात्री 9:30

मार्ग आहे. मे मध्ये पातळी तेवढी खाली गेलीच तर तेव्हाच करायचा. पंप बंद करा आणि पाणी दर पाच मिनिटांनी किती फूट चढतं ते मोजा. साडेसहा इंची बोअरमध्ये एक फूट पाणी म्हणजे साधारण साडेसहा लिटर. त्यावरून खालची भेग किती देते ते निघेल. पंप पाईपसकट आत असताना साधी दोरी सोडू नका, केबलमध्ये अडकते. गुरुवारी पंप उतरवतानाच त्याच्या पाईपला अर्धा इंची नळी बांधून वर आणा, पातळी मोजायची तार त्यातून सोडता येईल.